सही करण्याआधी: पहिल्या भाडेकराराचं कलमवार वाचन

भाची लातूरहून पुण्यात नोकरीला आली आणि कोथरूडमध्ये तिने वन बीएचके पाहिला. भाडं 18,000, डिपॉझिट 60,000, मुदत अकरा महिने. ‘घर आवडलंय, मालकही बरे वाटले, शनिवारी अंगठा द्यायला बोलावलंय,’ असं म्हणत तिने एजंटने पाठवलेला ड्राफ्ट माझ्याकडे पुढे पाठवला. भाडेकराराचे दस्त तयार करणं हे माझं रोजचं काम असल्यामुळे आम्ही दोघींनी तो शब्दन् शब्द वाचला. तिने विचारलेले प्रश्न पहिल्यांदा घर भाड्याने घेणाऱ्या कुणालाही पडतील असेच होते, म्हणून ते उत्तरांसकट इथे देते आहे. सगळं महाराष्ट्रातल्या राहत्या घराच्या लिव्ह अँड लायसन्स कराराबद्दल आहे. दुसऱ्या राज्यांत नियम वेगळे असतात.

‘मावशी, एवढं काय वाचायचं? सगळ्यांचे करार सारखेच असतात ना?’

साचा सारखा असतो, पण त्यात भरलेला मजकूर वेगळा असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 मध्ये एक वाक्य आहे: लायसन्सचा लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जाईल. सोप्या भाषेत सांगायचं तर, मालकांनी चहा पिताना ‘रंगाचे पैसे घेणार नाही हो’ म्हटलं आणि करारात ‘रंगरंगोटीपोटी एक महिन्याचं भाडं कापण्यात येईल’ असं छापलेलं असलं, तर छापलेलंच खरं ठरतं. म्हणून घर पाहताना तोंडी ठरलेली प्रत्येक गोष्ट ड्राफ्टमध्ये सापडते का, हे पाहायचं. सापडली नाही तर अंगठा द्यायच्या आधीच ती लिहून घ्यायची. दस्त नोंदवल्यावर बदल हवा असेल तर चूक दुरुस्तीपत्र करावं लागतं, आणि त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या लागतात. तोवर समोरच्याला सही करायची घाई उरलेली नसते.

‘पहिल्या पानावर नुसती नावं-पत्ते आहेत. पुढे जाऊ का?’

नको. इथे दोन गोष्टी ताडून पाहायच्या: सही करणारा माणूस खरोखर मालक आहे का, आणि करारात लिहिलेला फ्लॅट तू पाहिलेलाच आहे का. मालकाकडे घराचा इंडेक्स टू, म्हणजे दस्त नोंदणीचा उतारा, किंवा मालमत्ता कराची पावती मागायची. मागताना संकोच नको, तेही तुझं आधार आणि ऑफिसचं पत्र मागतातच. लाइट बिलावरचं नाव तेवढं भरवशाचं नसतं, कारण बरेच जण वर्षानुवर्षं बिलावरचं नाव बदलून घेत नाहीत.

भाचीच्या ड्राफ्टमध्ये गाठ इथेच होती. इंडेक्स टूवर नवरा-बायको दोघांची नावं होती, करारात मात्र एकट्या नवऱ्याचं. बायको नोकरीसाठी परदेशात होती. अशा वेळी एक तर तिने मुखत्यारपत्र दिलेलं असायला हवं आणि करारात त्याचा उल्लेख हवा, नाही तर ती प्रत्यक्ष यायला हवी. मालकांकडे मुखत्यारपत्र होतं, एजंटने ते नुसतं लिहिलं नव्हतं. त्याची प्रत घेतली, ते अजून चालू आहे ना आणि भाड्याने देण्याचा अधिकार त्यात आहे ना हे पाहिलं, आणि पहिल्या पानावर एक ओळ वाढवली. काम दहा मिनिटांचं होतं, पण ते सुटलं असतं तर उद्या दुसऱ्या मालकिणीने ‘माझी संमतीच नव्हती’ म्हणायला वाट मोकळी राहिली असती.

‘अकरा महिनेच का? आणि मला “भाडेकरू” न म्हणता “लायसन्सी” का म्हटलंय?’

एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही, असा नोंदणी कायद्यातला सर्वसाधारण नियम आहे. अकरा महिन्यांची चाल त्यातून पडली. महाराष्ट्रात मात्र या पळवाटेचा उपयोग नाही. 1999 च्या कायद्याचं कलम 55 सांगतं, की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असलाच पाहिजे आणि नोंदवलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झाल्यास, मालक उलटं सिद्ध करेपर्यंत, अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. त्यामुळे कुणी ‘स्टॅम्प पेपरवर नोटरी करून टाकू, तेवढेच पैसे वाचतील’ म्हणालं, तर तो नोंदवलेला करार नव्हे, हे लक्षात ठेवायचं. मुदतही अकराच महिने हवी असं नाही. 24 किंवा 36 महिन्यांचेही करार होतात.

‘लायसन्सी’ म्हणण्यामागे कारण आहे. लायसन्स म्हणजे घर वापरायची परवानगी. घरात तुझा कुठलाही हक्क तयार होत नाही, आणि ही परवानगी तुला परस्पर दुसऱ्याला देता येत नाही. हे कलम प्रत्येक करारात असतं, त्यावर वाद घालू नये. मात्र त्याचा एक परिणाम नीट समजून घ्यायचा. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि ताबा देईपर्यंतच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. भाचीच्या बाबतीत ती महिन्याला 36,000 झाली असती. म्हणून मुदत संपायच्या दीड-दोन महिने आधी मालकाला विचारायचं. राहायचं ठरलं तर नवा करार नोंदवायचा, नुसत्या ‘हो, राहा अजून’ या मेसेजवर थांबायचं नाही.

तारखाही मोजून पाहायच्या. 1 जुलैपासून अकरा महिने म्हणजे 31 मे. ड्राफ्टमध्ये सुरुवात 1 जुलै होती आणि किल्ली 6 तारखेला मिळणार होती, कारण आधीचे लोक अजून निघायचे होते. करार 6 जुलै ते 5 जूनचा करून घेतला. पाच दिवसांचं भाडं म्हणजे तीन हजार रुपये, नुसती तारीख पाहिल्याने वाचले.

‘डिपॉझिट थोडं रोख द्यायला सांगतायत. करारात 40,000 लिहू म्हणतायत.’

याला स्पष्ट नाही म्हणायचं. परत मागायची वेळ येते तेव्हा कागदावर आहे तेवढंच डिपॉझिट असतं, वरच्या वीस हजारांचा पुरावा कुठून आणणार? आणि एजंट सांगतात तशी त्यात फारशी बचतही नसते. मुद्रांक शुल्क मोजायची रीत अशी: सगळ्या मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या 0.25 टक्के. अकरा महिन्यांचं भाडं 1,98,000. साठ हजारांवरचं व्याज वर्षाचं धरलं तरी 6,000. एकूण 2,04,000, त्याचे 0.25 टक्के म्हणजे 510 रुपये. डिपॉझिट चाळीस हजार दाखवलं तर व्याज दोन हजारांनी कमी होतं, म्हणजे शुल्कात फरक पडतो पाच रुपयांचा. पाच रुपयांसाठी वीस हजार टांगणीला लावायचे नाहीत.

याशिवाय नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000 रुपये असते, वर दस्त हाताळणी शुल्क आणि एजंटची फी. हा खर्च कुणी करायचा हे दोघांनी ठरवायचं असतं. पुण्यात बहुधा निम्मा-निम्मा होतो. सरकारी रक्कम किती आणि एजंटची किती, हे वेगवेगळं लिहून मागायचं.

भाडं आणि डिपॉझिट दोन्ही बँकेतून द्यायचं, आणि डिपॉझिटच्या व्यवहाराचा क्रमांक व तारीख करारात लिहून घ्यायची. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत घेणार असशील, तर वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेल्यावर मालकाचा पॅन लागतो. तोही करारातच येऊ दे, मार्चमध्ये फोन करत बसायला नको.

‘लॉक-इन सहा महिने आणि नोटीस एक महिना. म्हणजे नक्की काय?’

लॉक-इन म्हणजे ज्या काळात करार मध्येच सोडता येत नाही तो काळ. सगळ्यात जास्त वेळ आम्ही या कलमावर घालवला, कारण नव्या नोकरीतल्या माणसाला सगळ्यात जास्त फटका इथेच बसतो. ड्राफ्टमधलं वाक्य असं होतं: ‘लायसन्सीने पहिल्या सहा महिन्यांत जागा सोडल्यास उर्वरित लॉक-इन कालावधीचे भाडे व एक महिन्याचे नोटीस भाडे डिपॉझिटमधून वजा करण्यात येईल.’

समज, कंपनीने चौथ्या महिन्याच्या अखेरीला तिची बदली हैदराबादला केली. उरलेल्या दोन महिन्यांचे 36,000, वर नोटिशीचे 18,000, मिळून 54,000. साठातले सहा हजार हातात येणार, आणि त्यातूनही रंगाचे पैसे मागितले तर उलट तिलाच देणं लागणार. भरीला, मालकाने चौथ्या महिन्यात घर सोडायला सांगितलं तर काय, याबद्दल त्या कलमात एक अक्षर नव्हतं.

करार मोडल्याबद्दल रक्कम ठरवून ठेवली असली, तरी करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळू शकते. पण व्यवहारात पैसे आधीच मालकाच्या खात्यात असतात आणि 54,000 साठी कोर्टाची पायरी चढायला नोकरदार माणसाला सवड नसते. म्हणून भांडण कायद्याच्या भरवशावर पुढे ढकलण्यापेक्षा कलमच नीट लिहून घेतलेलं बरं. आम्ही तीन दुरुस्त्या मागितल्या. लॉक-इन दोघांनाही लागू हवा. मुदत सहाऐवजी तीन महिने. आणि नोटिशीचा महिना लॉक-इनच्या आतच धरला जावा. मालक तीनला तयार झाले नाहीत, चारवर जमलं. शेवटी कलम असं झालं:

> पहिले चार महिने हा लॉक-इन कालावधी राहील व तो दोन्ही पक्षांना बंधनकारक राहील. त्यानंतर कोणत्याही पक्षास एक महिन्याची लेखी नोटीस (ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपसह) देऊन करार संपवता येईल. अशी नोटीस चौथ्या महिन्यातही देता येईल. लायसन्सीने लॉक-इनमध्ये जागा सोडल्यास फक्त लॉक-इनच्या उर्वरित दिवसांचे भाडे देय राहील, वेगळे नोटीस भाडे देय राहणार नाही.

या कलमाप्रमाणे चौथ्या महिन्याच्या सुरुवातीला नोटीस दिली तर महिनाअखेर ती कुठलीही कपात न होता बाहेर पडू शकते. ‘व्हॉट्सअ‍ॅपसह’ हा शब्द मुद्दाम घातला, म्हणजे ‘आम्हाला लेखी मिळालंच नाही’ हा प्रश्न येत नाही. मालकांनाही तो सोयीचाच वाटला.

‘डिपॉझिट परत कधी मिळणार, ते कुठे लिहिलंय?’

कुठेच नव्हतं. ‘योग्य त्या वजावटी करून जागा सोडल्यानंतर परत करण्यात येईल’ एवढंच. यात ‘सोडल्यानंतर’ म्हणजे किती दिवसांनी, आणि ‘योग्य’ कोण ठरवणार? डिपॉझिटची बहुतेक भांडणं या दोन शब्दांवरून होतात. कापलं जातं ते रंगासाठी, खोल साफसफाईसाठी आणि जुन्या गीझरसाठी.

वजावटी नावानिशी लिहून घ्यायच्या: थकलेलं भाडं, थकलेलं वीज व गॅसचं बिल, आणि राहणाऱ्याने केलेली मोडतोड, तीही दुरुस्तीचं बिल दाखवून. ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज वजा होणार नाही’ हे वाक्य हवंच. झीज म्हणजे काय? खिडकीजवळचा रंग फिका पडणं, नळाचा वॉशर जाणं, दाराच्या मुठीची चकाकी जाणं. पोराने भिंतीवर क्रेयॉनने चित्र काढलं किंवा ओट्याच्या ग्रॅनाइटचा टवका उडाला, तर ती मोडतोड. अकरा महिन्यांत घराला नवा रंग लागतोच असं नाही, म्हणून रंगाची ठोक कपात मान्य करू नये. मालक अगदीच अडले तर रक्कम ठरवून लिहावी. भाचीच्या मालकांनी ते कलम पूर्ण काढलं, कारण घराला रंग तीन वर्षांपूर्वीचा होता आणि भिंतींचे फोटो आमच्याकडे होते.

परतीची वेळ लिहायची ती अशी: ‘लायसन्सीने रिकाम्या जागेचा ताबा व किल्ल्या दिल्याक्षणीच, त्याच वेळी, डिपॉझिट परत करण्यात येईल. अंतिम वीजबिल आले नसल्यास मीटरच्या रीडिंगप्रमाणे अंदाजे रक्कम राखून ठेवता येईल व बिल आल्यावर सात दिवसांत हिशेब पूर्ण करण्यात येईल.’ किल्ली आणि पैसे यांची देवाणघेवाण एकाच वेळी व्हावी, हा त्यातला गाभा. मालक आठ दिवस मागत असतील तर तेही चालेल, पण आकडा हवा.

‘मग शेवटचे तीन महिने भाडं न देता डिपॉझिटमधून वळतं केलं तर?’ असंही तिने विचारलं. बरेच जण करतात, पण करारात बहुधा त्याला मनाई असते. तसं केल्यावर करार तू मोडलेला असतोस आणि बाकी सगळी चांगली कलमं लंगडी पडतात. ते टाळायचं.

‘मेंटेनन्स, लाइट बिल, पार्किंग... हे “लायसन्सीने भरावे” असं सरसकट लिहिलंय.’

सोसायटीचा मासिक मेंटेनन्स आणि मालमत्ता कर भाड्यातच आहे असं मालक बोलले होते, म्हणून ते ‘मालकाने भरावे’ असं बदललं. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे भोगवटेतर शुल्क लावते तेही सभासदाला, म्हणजे मालकाला लागतं. सरकारच्या 2001 च्या आदेशाने त्याची कमाल मर्यादा सेवाशुल्काच्या दहा टक्के आहे. सोसायटीने हे पैसे तुझ्याकडे मागितले तर नम्रपणे मालकाकडे बोट दाखवायचं.

महावितरणचं बिल राहणाऱ्याने भरायचं हे रास्त आहे. फक्त ग्राहक क्रमांक घेऊन आधी थकबाकी पाहायची आणि किल्ली हातात येते त्या दिवशी मीटरचा फोटो काढायचा, रीडिंग नीट वाचता येईल असा. ते रीडिंग करारात किंवा त्याच्या परिशिष्टात लिहायचं.

दुरुस्तीचं कलमही सरसकट होतं. बल्ब, नळाचा वॉशर, तुंबलेलं सिंक राहणाऱ्याचं, पण भिंतीतली गळती, वायरिंग, पाण्याची लाइन आणि मालकाने दिलेल्या वस्तूंचा आपोआप झालेला बिघाड मालकाचा, अशी वाटणी लिहून घेतली. जुलैत राहायला जाणाऱ्याने गळतीचा शब्द तर विसरूच नये.

‘मालक “कधीही पाहणी करू शकतील” हे मला आवडलं नाही.’

आवडायला नकोच. एकट्या राहणाऱ्या मुलीच्या घरी कुणी कधीही यावं, हे बरोबर नाही. मालकाला घर पाहण्याचा अधिकार असावा, पण ‘किमान 24 तास आधी कळवून, दिवसा, लायसन्सीच्या उपस्थितीत, तातडीचा प्रसंग वगळता’ एवढे शब्द त्याला जोडायचे. मालकांकडची दुसरी किल्ली पाकिटात बंद राहील असंही ठरलं. पाहुणे, पाळीव प्राणी, स्वयंपाक याबद्दल जी बंधनं असतील ती स्पष्ट लिहायला लावायची. ‘सोसायटीचे नियम पाळावेत’ एवढंच असेल तर ते नियम आधी मागून वाचायचे. आईबाबा महिनाभर येऊन राहणार असतील तर ‘जवळचे नातेवाईक पाहुणे म्हणून राहू शकतील’ हे वाक्य घालायचं.

‘शेवटी एक रिकामा तक्ता आहे.’

ते वस्तूंचं परिशिष्ट. तो रिकामा सोडायचा नाही. पंखे किती, ट्यूब किती, गीझर कुठल्या कंपनीचा आणि चालू आहे का, मॉड्युलर किचनची कुठली ट्रॉली अडकते, बाथरूमच्या आरशाला कुठे तडा आहे, हे सगळं त्यात येतं. भाचीच्या तक्त्यात आम्ही ‘बेडरूमच्या खिडकीची जाळी फाटलेली’ आणि ‘स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंखा बंद’ असं लिहिलं. घराचा सलग व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकांना पाठवला, म्हणजे तारीखही नोंदली गेली.

‘शनिवारी नक्की काय होईल?’

एजंट अंगठ्याचं यंत्र आणि कॅमेरा घेऊन येईल. मालक, तू आणि दोन ओळखदार, सगळ्यांची आधारद्वारे ओळख पटेल, फोटो निघतील. अंगठा देण्यापूर्वी स्क्रीनवरचा अंतिम दस्त उघडायला लावायचा आणि बदललेली कलमं एकेक वाचायची. ‘जुनाच ड्राफ्ट अपलोड झाला’ हा प्रकार नेहमी होतो, बहुतेकदा मुद्दाम नाही, घाईत. तारखा, भाडं, डिपॉझिट, लॉक-इन, परतीची वेळ आणि परिशिष्ट, एवढं पाहिल्याशिवाय अंगठा टेकवायचा नाही.

त्यानंतर दस्त दुय्यम निबंधकाकडे जातो. त्यांनी मंजूर केल्यावर नोंदणी क्रमांकासह पूर्ण दस्त आणि इंडेक्स टू मिळतो. त्याची पीडीएफ तुझ्याकडे हवी, एजंटच्या फोनमध्ये असून उपयोग नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं हे मालकाचं काम, त्याची पोच मागून घ्यायची. सोसायटीलाही कराराची प्रत आणि ही पोच मालकानेच द्यायची असते. घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आधी कळवावं लागतं. तेव्हा सेक्रेटरींनी टेम्पो गेटवर अडवू नये म्हणून ते पत्र सामान हलवण्याच्या आठवडाभर आधीच जायला हवं.